फोटो पुसले गेल्यानंतर लिहिलेलं ओलीचं पत्र: शहापूर, बेळगाव इथलं एक प्रकरण

बेळगावच्या शहापूर भागात बरीच घरं आज अर्धी जुनी आणि अर्धी नवी आहेत. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या किंवा जांभ्याच्या, मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या, आणि वर कौलं उतरवून कधीतरी टाकलेला स्लॅब. अशा घरात पावसाळ्यात भिंत ओली झाली की पाणी नेमकं कुठून आलं हे एका नजरेत सांगता येत नाही. मालक म्हणतो, तुमच्या न्हाणीचं पाणी आहे. भाडेकरू म्हणतो, तुमची गच्ची गळते. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात.

मी बांधकामाची अंदाजपत्रकं आणि ओल-गळतीच्या पाहणीचे अहवाल करतो. २०२४ च्या सप्टेंबरात एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. मराठी शाळेत शिकवतात, यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला, मुलगा बारावीला. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, भाडं महिना ६,५०० रुपये, अॅडव्हान्स ५०,०००. घरमालक वडगावात राहतात, गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि बाईही तसंच म्हणतात. वर थेट गच्ची. २६ जुलैच्या रात्री जोराच्या पावसात मागच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत वरून भिजली. भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटाची मागची फळी फुगली, आतली पुस्तकं आणि दोन साड्या खराब झाल्या. बाईंनी त्याच रात्री फोटो काढले होते. ऑगस्टच्या शेवटी फोनची जागा भरली म्हणून मुलाने गॅलरी साफ केली, त्यात ते फोटो गेले. पुसलेले फोटो काही दिवस जिथे राहतात ते बिनही त्यानेच रिकामं केलं.

इकडे अण्णांचा निरोप आला होता, दसऱ्याच्या आधी गवंडी पाठवतो, भिंत खरवडून पुट्टी आणि रंग करून देतो, आणि खर्च अॅडव्हान्समधून वळता करू, कारण भिंत तुमच्या वापराने खराब झाली आहे. बाईंचा पहिला प्रश्न होता, फोटोच नाहीत तर पत्र लिहून काय उपयोग?

माझं मत उलट होतं. त्या घडीला सगळ्यात मोठा धोका गेलेल्या फोटोंचा नव्हता, येणाऱ्या रंगाचा होता. दगड-मातीची जाड भिंत सावकाश सुकते. महिन्याला साधारण एक इंच जाडी, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. दीड फूट भिंत जुलैत भिजली तर सप्टेंबरात तिच्यात सांगण्यासारखं पुष्कळ शिल्लक असतं. पुट्टी लागली की मात्र ते संपतं.

आधी शोध, मग पत्र

लिहायला बसण्याआधी फोटो खरंच गेलेत का हे पाहिलं. बऱ्याच जणांचा समज असतो की फोनमधून पुसलं तरी गूगल फोटोजमध्ये राहतं. त्या अॅपमधूनच फोटो पुसला तर तो फोनमधून आणि खात्यातून दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. पण बिन हाताने रिकामं केलं की ती मुदत उरत नाही. पुसलेले फोटो परत आणून देतो म्हणणाऱ्या अॅपवर पैसे घालवू नका असं मी बाईंना सांगितलं. आताच्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते आणि मोकळी झालेली जागा फोन स्वतःच साफ करत राहतो, त्यामुळे त्यातून बहुधा काही हाती लागत नाही.

मग विचारलं, त्या दिवसांत कुणाला पाठवले होते का? अण्णांना पाठवले नव्हते, घरी आले तेव्हा फोनवरच दाखवले होते. पण इचलकरंजीच्या बहिणीला एक पाठवल्याचं बाईंना आठवलं. बहिणीच्या फोनमध्ये तो सापडला. फाइलचं नाव असं होतं:

```
IMG-20240727-WA0006.jpg
```

या नावाला थोडी किंमत आहे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतली मूळ माहिती, म्हणजे काढल्याची वेळ आणि जागा, वाटेत गळून जाते. मात्र फाइलच्या नावात तो फोटो व्हॉट्सअॅपवरून गेल्या-आल्याची तारीख राहते. म्हणजे २७ जुलै २०२४ पर्यंत हा फोटो काढलेला होता एवढं त्यातून कळतं, तो २६ ला काढला हे कळत नाही. आणि नाव कुणीही बदलू शकतो, म्हणून बहिणीच्या फोनवरची ती चॅट तशीच ठेवायची, काही पुसायचं नाही, फोटो दुसरीकडे कापून-उजळून पाठवायचा नाही. पुढे कोर्टाची वेळ आलीच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देताना मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन महत्त्वाचा ठरतो.

त्या फोटोत काय होतं? कपाटाची फुगलेली मागची फळी आणि तिच्या मागे भिंतीचा हातभर तुकडा. भिंतीचा वरचा कोपरा नाही, उंची नाही. उपयोगाचा, पण अपुरा.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. ऑगस्टमध्ये सुताराने फळी बदलली होती. त्याच्या पावतीवर तारीख होती, १,८५० रुपये रक्कम होती आणि ‘कपाटाची मागची बाजू पाण्याने फुगली, नवीन प्लाय’ अशी ओळ होती. पैसे फोनवरून दिले होते, म्हणून बँकेच्या उताऱ्यातही त्याच दिवशी तीच रक्कम. दुसरी गोष्ट म्हणजे शेजारचे मामा. त्या रात्री कपाट ओढायला तेच आले होते. त्यांनी भिंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, हात लावला होता. ऐकीव माणूस आणि पाहिलेला माणूस यांत साक्षीच्या दृष्टीने फार अंतर असतं.

पहिला मसुदा

बाईंनी घरी लिहून आणलेलं पत्र दोन पानी होतं. त्यातली काही वाक्यं इथे देतो, कारण अशा पत्रात ती हटकून येतात.

‘संपूर्ण भिंत पाण्याने भिजून गेली असून आमचे अतोनात नुकसान झाले आहे.’ ‘याचे सर्व पुरावे माझ्याकडे आहेत.’ ‘कपाट, साड्या, पुस्तके मिळून किमान पंचवीस हजारांचे नुकसान.’ ‘आपण दुरुस्ती न केल्यास पुढील महिन्यापासून भाडे देणार नाही.’

पहिलं वाक्य पूर्ण खोटं नाही, पण अण्णा येऊन पाहतील तेव्हा भिंतीचा खालचा अर्धा भाग कोरडा दिसेल. एक शब्द फुगला की उरलेल्या पत्रावरचा विश्वास जातो. दुसरं वाक्य सरळ धोक्याचं. उद्या कुणी म्हणालं दाखवा, तर काय दाखवणार? फोटो गेले हे लपवलं तर तेच पुढे बाईंच्या विरुद्ध वापरलं जाईल. पंचवीस हजारांच्या आकड्याला आधार नव्हता, आणि भाडं थांबवण्याची धमकी तर मालकाच्या हातात आयतं कारण देणारी होती. तक्रार बाजूला राहते आणि भाडं थकवणारी भाडेकरू एवढीच ओळख उरते.

एक विचार त्यांच्या मुलाने बोलून दाखवला. भिंत अजून ओली आहे, आता फोटो काढू आणि जुलैचे म्हणून लावू. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची तारीख असते, ती सहज दिसते. शिवाय बदललेली फळी आता नवी आहे, फुगलेली जुनी फळी त्या फोटोत येणारच नाही. एक बनाव उघडा पडला की सुताराची खरी पावतीही संशयात जाते.

भिंत काय सांगत होती

रविवारी, १५ सप्टेंबरला, त्यांच्या घरी गेलो. मोजपट्टी, पेन्सिल, पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे आणि चिकटपट्टी एवढंच सोबत नेलं होतं.

ओल कुठे आहे यापेक्षा ती कुठे नाही हे आधी पाहावं लागतं. पायातून चढणारी ओल जमिनीपासून सुरू होते, साधारण तीन फुटांपर्यंत चढते आणि वर खाराची एक आडवी पांढरी रेघ सोडते. इथे जमिनीपासून पाच फुटांपर्यंत भिंत कोरडी होती, खार नव्हता, रंग शाबूत होता. न्हाणी उत्तरेच्या भिंतीला, म्हणजे या भिंतीला चिकटलेलीच नाही. या भिंतीतून पाण्याची नळीही जात नाही. डाग होता नैऋत्येच्या वरच्या कोपऱ्यात: छताशी ३ फूट ४ इंच रुंद, खाली निमुळता होत जमिनीपासून ५ फूट २ इंचांवर संपणारा. वरून खाली निमुळता होणारा डाग बहुतेक वेळा वरच्या एकाच जागेतून आत शिरलेल्या पाण्याचा असतो. डागाच्या वरच्या भागात रंगाला पोपडे सुटले होते आणि बोटाच्या पेराने ठोकल्यावर गिलाव्याचा पोकळ आवाज येत होता. चांगल्या भागात आवाज भरीव. तिथला एक जुना खिळा गंजून त्याचा तपकिरी ओघळ खाली आला होता. हा ओघळ एका दिवसात येत नाही.

अण्णांचं म्हणणं होतं की खोली बंद ठेवून आत कपडे वाळवता, त्या वाफेने भिंत घामेजते. असं होऊ शकतं, म्हणून तेही तपासणं भाग होतं. प्लास्टिकचा फूटभर तुकडा डागाच्या मधोमध चारही बाजूंनी चिकटवला, दुसरा त्याच भिंतीच्या कोरड्या भागावर. दोन दिवसांनी डागावरच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडून, पाण्याचे थेंब जमले होते. बाहेरची बाजू कोरडी. दुसऱ्या तुकड्याला दोन्हीकडून काही नाही. खोलीतल्या वाफेने ओल आली असती तर पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दिसलं असतं. ही चाचणी गळतीची जागा दाखवत नाही, पाणी भिंतीच्या आतून येतंय की खोलीतून एवढंच सांगते.

मग डागाच्या कडेने पेन्सिलची बारीक रेघ ओढली आणि रेघेवर तारीख लिहिली. मोजपट्टी भिंतीला धरून नवे फोटो काढले: एक पूर्ण भिंतीचा, दारातून, एक डागाचा, एक खिळ्याचा. ते त्याच दिवशी बाईंनी स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवले. गच्चीची किल्ली अण्णांकडे असल्याने वर जाता आलं नाही. पण मागच्या बोळातून पाहिलं तर त्याच कोपऱ्यात कठड्याच्या बुडाशी पिंपळाचं रोप उगवलेलं आणि पन्हळाचा पाइप तिथूनच उतरलेला दिसला.

कायद्याचं बळ किती

करार अकरा महिन्यांचा, मार्चमध्ये नवा केलेला. त्यात एक कलम होतं, ‘स्लॅब, भिंती व गळतीची मोठी दुरुस्ती मालकाकडे, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे’. सगळं बळ या ओळीत आहे. कर्नाटक भाडे कायदा १९९९ चा आहे, पण मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपयांच्या वर भाडं असलेल्या घरांना तो लागू होत नाही, म्हणून इथे करार आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहायचा. त्याच्या कलम १०८ मध्ये असं आहे की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने सूचना मिळाल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. ‘बांधील आहे’ हे कायदा स्वतःहून म्हणत नाही, ते करारातून यावं लागतं. आणि ‘सूचना मिळाल्यावर’ या शब्दांमुळेच पत्राला किंमत येते. तोंडी सांगितलेल्या सूचनेची तारीख सिद्ध करता येत नाही. त्याच कलमात भाडेकरूवरही बंधन आहे की नेहमीच्या वापराची झीज सोडून घर होतं तसं ठेवायचं, आणि मालकाला येऊन पाहू द्यायचं. म्हणून पाहणीचं आमंत्रण भाडेकरूने आपणहून दिलेलं चांगलं.

पत्र

वकिलाची नोटीस आम्ही मुद्दाम टाळली. बाईंना त्याच घरात राहायचं होतं. नावं आणि पत्ता वगळून पत्र देतो.

> शहापूर, बेळगाव
> दि. १८ सप्टेंबर २०२४
>
> श्री. ………… यांस,
> (घरमालक)
>
> विषय: मागच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीत वरून येणारी ओल, समक्ष पाहणी व दुरुस्ती
>
> आदरणीय अण्णा,
>
> सप्रेम नमस्कार. आपल्या घरातील तळमजल्याच्या तीन खोल्यांत मी मार्च २०२४ च्या कराराप्रमाणे भाड्याने राहते. सप्टेंबरपर्यंतचे भाडे पोचले आहे.
>
> दि. २६ जुलै २०२४ च्या रात्री मागच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीतून, वरच्या नैऋत्य कोपऱ्याकडून, पाणी उतरताना मी पाहिले. भिंतीलगतचे कपाट आम्ही त्याच रात्री पुढे ओढले. त्या वेळी शेजारचे श्री. ………… मदतीला होते व त्यांनीही भिंत पाहिली आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण घरी आलात तेव्हा मी ही भिंत व फोनवरील फोटो आपल्याला दाखवले होते.
>
> ते फोटो ऑगस्टच्या अखेरीस फोनमधील जागा रिकामी करताना घरातूनच पुसले गेले. ते आता माझ्याकडे नाहीत. त्यांपैकी एक फोटो मी २७ जुलै रोजी बहिणीला पाठवला होता, तो तिच्या फोनवर आहे. त्यात कपाटाची फुगलेली मागची फळी व भिंतीचा थोडा भाग दिसतो, पूर्ण भिंत दिसत नाही. त्याची प्रत सोबत जोडली आहे.
>
> दि. १५ सप्टेंबर २०२४ रोजी भिंतीची स्थिती अशी आहे. डाग छताशी ३ फूट ४ इंच रुंद असून खाली निमुळता होत जमिनीपासून ५ फूट २ इंचांवर संपतो. त्याखाली भिंत कोरडी आहे. वरच्या भागात रंगाचे पोपडे सुटले आहेत व गिलावा पोकळ वाजतो. न्हाणी या भिंतीला लागून नाही. डागावर प्लास्टिक चिकटवून दोन दिवस ठेवले असता ओलावा भिंतीच्या बाजूने जमला. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घातली आहे. सोबतचे तीन फोटो १५ सप्टेंबरचे आहेत, जुलैचे नाहीत.
>
> जुलैमध्ये डाग किती मोठा होता हे मी आज मोजून सांगू शकत नाही. पाणी गच्चीवरून, कठड्याच्या कोपऱ्यातून येत असावे असे मला वाटते, परंतु गच्ची मी पाहिलेली नाही.
>
> नुकसानीबाबत: कपाटाची फळी बदलण्यास १,८५० रुपये लागले, पावतीची प्रत सोबत आहे. डाग पडलेल्या दोन साड्या जपून ठेवल्या आहेत, आपण पाहू शकता. भिजलेली पुस्तके रद्दीत गेली. त्यांची मोजदाद माझ्याकडे नाही, म्हणून त्यांची रक्कम मी मागत नाही.
>
> माझी विनंती अशी:
> रविवार दि. २२ किंवा २९ सप्टेंबर रोजी सकाळी आपण गवंड्यासह येऊन गच्ची व भिंत आपल्या दोघांसमक्ष पाहावी. ही पाहणी होईपर्यंत भिंत खरवडू नये व रंगवू नये. कराराच्या दुरुस्तीच्या कलमाप्रमाणे गळतीचे मूळ आधी बंद करावे व भिंत सुकल्यावर गिलावा-रंग करावा. या खर्चाची वजावट अॅडव्हान्समधून करण्यास माझी संमती नाही.
>
> भाडे नेहमीप्रमाणे वेळेवर देत राहीन. वरील दोन्ही दिवस सोयीचे नसल्यास आपण दुसरा दिवस कळवावा.
>
> आपली,
> …………
>
> सोबत: बहिणीच्या फोनवरील फोटोची प्रत, १५ सप्टेंबरचे तीन फोटो, सुताराची पावती

पत्राच्या दोन प्रती केल्या. एक पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने गेली. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, त्यामुळे आता स्पीड पोस्टाने पाठवून नोंद आणि पोचपावती मागून घ्यावी लागते.) दुसरी प्रत त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर, ‘पोस्टाने पाठवलेल्या पत्राची प्रत’ एवढीच ओळ लिहून. अण्णा मराठी वाचतात म्हणून पत्र मराठीत. मालक कन्नड वाचणारे असते तर कन्नड प्रत जोडली असती, आणि कोर्टात जायचं झालं तर भाषांतर लागतंच. तारखा आणि मापं स्वच्छ आकड्यांत लिहिण्याचं हेही एक कारण आहे. पाकीट ‘घेतलं नाही’ शेऱ्यासह परत आलं असतं तर ते न उघडता ठेवायला सांगितलं होतं, कारण बरोबर पत्त्यावर रीतसर पाठवलेलं पत्र नाकारणाऱ्याला ‘मला कळलंच नाही’ म्हणणं जड जातं.

फोटो पुसले गेल्याची कबुली मध्यावर, साध्या वाक्यात का ठेवली, असं बाईंनी विचारलं. शेवटी ठेवली असती तर ती चोरून सांगितल्यासारखी वाटली असती, आणि सुरुवातीला ठेवली असती तर सगळं पत्र फोटोंविषयीच झालं असतं. पण त्याहून मोलाचं वाक्य त्याच्या आधीचं आहे: ऑगस्टमध्ये आपण आलात तेव्हा दाखवले होते. त्यावर अण्णांना दोनच वाटा होत्या. नाकारायचं, किंवा गप्प राहायचं. गप्प राहिले तर जुलैतल्या ओलीची खबर त्यांना ऑगस्टमध्ये होती ही गोष्ट त्यांच्याच मौनातून पुढे येते. बाईंना ती भेट पक्की आठवत होती, यजमानही हजर होते, म्हणूनच ते वाक्य घातलं. आठवण अंधुक असती तर वगळलं असतं.

पाहणी

अण्णा रागावून फोनवर बोलले, ‘घरातल्या माणसाला कुणी पोस्टाने पत्र घालतं का?’ बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘अण्णा, तुमच्यावर विश्वास आहे, पण तारीख राहत नाही हो लक्षात, म्हणून लिहिलं.’ २९ तारखेला ते गवंड्याला घेऊन आले. मधल्या आठवड्यात पाऊस झाला होता, आणि डाग पेन्सिलच्या रेघेच्या खाली चार बोटं उतरला होता. खोली तीच, कपडे बाहेर वाळत होते, न्हाणीचा वापर तसाच. अण्णा बराच वेळ त्या रेघेजवळ उभे राहिले. जुलैचा एखादा भिजलेल्या भिंतीचा फोटो जे सांगू शकला नसता ते या रेघेने सांगितलं: पाऊस पडला की डाग वाढतो.

गच्चीवर गेल्यावर उरलेलं उलगडलं. कोपऱ्यातलं पन्हळाचं तोंड पालापाचोळ्याने बुजलेलं, त्यामुळे तिथे पाणी तुंबत होतं. पिंपळाच्या मुळीने कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात चीर पाडली होती, बोटाचं नख जाईल एवढी. गवंडी म्हणाला हेच कारण. मी म्हटलं तपासून घेऊ. ऑक्टोबरात दोन कोरडे दिवस पाहून पन्हळाचं तोंड बांधलं, तो कोपरा वाळू-सिमेंटच्या बुटक्या बांधाने वेगळा केला आणि त्यात दोन इंच पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली डागाची वरची कड ओलसर गडद झाली. पाऊस नसताना फक्त त्या कोपऱ्यात पाणी ठेवून खालचा डाग जागा झाला, तेव्हा न्हाणीचा विषय मिटला. या चाचणीलाही मर्यादा आहे. पाणी स्लॅबच्या आत आडवं वाहून लांब कुठेतरी उतरू शकतं, म्हणून ‘खाली काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘गळती नाही’ असा धरता येत नाही. दिसलं तर मात्र शंका राहत नाही.

अण्णांनी पन्हळ मोकळं केलं, रोप मुळासकट काढून चीर कापून भरून घेतली, सांध्याला गोलवा दिला आणि वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. खर्च त्यांचा. अॅडव्हान्सला हात लावायचा नाही हे त्यांनी मान्य केलं. सुताराचे १,८५० दिले. साड्यांचं मात्र जमलं नाही. ‘साडीवरचा डाग याच पाण्याचा कशावरून?’ असं त्यांनी विचारलं, आणि त्याला उत्तर नव्हतं. कपाटातल्या ओल्या साड्यांचा फोटो त्या पुसलेल्या फोटोंमध्ये होता. बहिणीकडे गेलेला फोटो तो नव्हता. शेजारच्या मामांनी कपाट पाहिलं होतं, साड्या पाहिल्या नव्हत्या. तिथे बाईंनी हट्ट सोडला, आणि माझ्या मते ते बरोबर केलं. जे सिद्ध होत नाही त्यासाठी जे सिद्ध झालंय ते पणाला लावण्यात अर्थ नव्हता.

ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीला मामा. त्यात एक अट गवंड्याच्या मनाविरुद्ध घातली आहे. गिलावा आणि रंग दिवाळीआधी करायचा नाही. भिंत आतून सुकेपर्यंत पोकळ गिलावा काढून दगड उघडा ठेवायचा, फेब्रुवारीत पुन्हा प्लास्टिक चिकटवून पाहायचं, आणि दोन दिवस आतून कोरडं राहिलं तरच चुन्याचा अंश असलेला गिलावा करायचा. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर ऑइलपेंट दिला तर आतलं पाणी कोंडलं जाऊन दुसऱ्याच जागी पोपडे सुटतात. पाहुण्यांसमोर उघडी भिंत बरी दिसत नाही म्हणून बाई जरा नाराज होत्या. यजमानांनी तिथे चादर टांगायचं ठरवलं, तर मी म्हटलं टांगू नका, भिंतीला वारा लागू दे.